म्युनिकचे बारा, वाईचे साडेचार

वाईजवळच्या एका गावात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप फोटो मी डिसेंबरच्या आरंभी घराच्या अंगणात काढला होता. म्युनिकला असलेला नातू येऊ शकला नव्हता, आणि अल्बमच्या कामाला हात घालण्याआधीच त्याची आई स्टुडिओत येऊन म्हणाली, "दादा, माझ्या शेजारी त्याला उभा करता येईल का?" तिने मोबाईलवर दाखवलेला त्याचा फोटो खोलीतल्या दिव्याखाली हातभर अंतरावरून काढलेला होता. तो वापरला असता तर चेहऱ्यावर वरून पडलेला मऊ उजेड आणि बाकी सगळ्यांच्या गालांवर डावीकडून आलेले कडक ऊन यांचा मेळ कोणत्याही रंगदुरुस्तीने बसला नसता. म्हणून मी नवा फोटो मागितला.

खरा प्रश्न तो केव्हा काढायचा हा होता. आमचा फोटो दुपारी साडेचारचा होता आणि त्या वेळी वाईत सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असतो. म्युनिक बरेच उत्तरेला असल्यामुळे तिथे डिसेंबरात ऐन मध्यान्हीसुद्धा सूर्य साधारण 18-19 अंशांपलीकडे चढत नाही. म्हणजे तिथली बाराची वेळ सावलीच्या हिशेबाने आमच्या साडेचारच्या जवळ होती. मी मुलाला निरोप धाडला की स्वच्छ उन्हाचा दिवस बघून बाराच्या सुमारास, सूर्य कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला आणि किंचित मागे राहील असे उभे राहावे. मोबाईल चार फूट उंचीवर आणि पंधरा फूट लांब ठेवावा, कारण माझा ट्रायपॉड तसाच होता. माणूस लहान दिसला तर झूम करावे, पण जवळ येऊ नये, कारण नाक-कपाळाचे परस्परप्रमाण लेन्सपेक्षा अंतरावर अवलंबून असते. वरचा जाड कोट काढून झब्ब्यात उभे राहण्याची विनंतीही केली. त्या थंडीत हे सांगणे निर्दयपणाचे होते, पण पोराने ऐकले.

फोटो आल्यावर आधी उंचीचा हिशेब केला. आई पाच फूट दोन इंच, म्हणजे 62 इंच, आणि माझ्या फाईलमध्ये ती पायापासून डोक्यापर्यंत 1240 पिक्सेल होती. म्हणजे एका इंचाला 20 पिक्सेल. मुलगा पाच फूट आठ इंच असल्याने तो 1360 पिक्सेलचा झाला. दोघांची पावले एका रेषेत आणल्यावर चार फुटांची, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी रेघ तिच्या खांद्याच्या जरा खालून आणि त्याच्या छातीवरून गेली. ही रेघ चुकली असती तर तो खड्ड्यात किंवा पाटावर उभा असल्यासारखा वाटला असता.

आई रांगेच्या उजव्या टोकाला होती आणि त्याच्यासाठी तिच्या पलीकडची जागा सोयीची होती, कारण ऊन डावीकडून येत असल्याने त्याची सावली कुणाच्या अंगावर न पडता मागे उजवीकडे मोकळ्या जागेत जात होती. मात्र ती मला रंगवावी लागणार होती. आईची सावली उचलून चालली नसती, कारण तिच्यात पदराचा आकार होता. त्याच्याच आकृतीची प्रत काढून काळी केली आणि `Multiply` मोडवर ठेवली. 18 अंशांच्या उन्हात सावली उंचीच्या तिप्पट लांब पडते, परंतु सावलीच्या दिशेने मोजल्यास सहा फुटांवरच घराची भिंत होती. त्या सहा फुटांत दोन फूट उंची खर्ची पडते. म्हणून गुडघ्यापर्यंतची सावली जमिनीवर आडवी लांबवली आणि उरलेले धड-डोके भिंतीवर उभे ठेवले, डोके जमिनीपासून तीन फूट आठ इंचांवर. नवख्या माणसाचे काम बहुधा इथे पकडले जाते, कारण तो सावली भिंतीच्या कोपऱ्यात न मोडता सरळ पुढे नेतो.

सावली निव्वळ काळी ठेवली नाही. आईच्या सावलीतील जमीन उन्हातल्या जमिनीपेक्षा गडद होती तशी निळसरही होती, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोहोचतो. तोच रंग घेतला. टाचेजवळ कड धारदार ठेवली आणि भिंतीवर पोहोचेपर्यंत ती अर्ध्या-पाऊण इंचाने विरघळू दिली. चपलेच्या तळाशी बारीक, जवळजवळ काळी रेघ दिल्याशिवाय पाय जमिनीला टेकलेले वाटेनात.

एवढे करूनही तो परका दिसत होता. कारण शोधायला वेळ लागला: म्युनिकला त्याच्या पायाखाली करडा डांबरी रस्ता होता, तर आमच्या अंगणातल्या तांबूस मातीचा उजेड इतरांच्या हनुवटीखाली आणि धोतरा-पायजम्यांच्या कडांवर उसळला होता. त्याच्या हनुवटीखाली आणि झब्ब्याच्या घेराखाली तो तांबूसपणा अगदी हलका चढवला, मोबाईलने जास्त गुळगुळीत केलेल्या त्वचेवर माझ्या कॅमेऱ्याइतके रवे घातले आणि मग 12 बाय 18 इंचांची चाचणी प्रिंट काढली. मॅट कागदावर भिंतीवरची सावली स्क्रीनपेक्षा जड उतरली, तेव्हा आईच्या सावलीशी ताडून ती थोडी फिकी केली आणि अंतिम प्रिंट छापायला दिली.