खिडकीबाहेरची टेकडी खरी दिसेपर्यंत मी काय काय केलं (माझा अनुभव)

मी पुण्यात फ्रीलान्स थ्रीडीची कामं करते, बहुतेक इंटिरियर रेंडर्स, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. बाणेरचा एक नवव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, हॉलला मोठी स्लायडिंग खिडकी, समोर एक टॉवर आणि त्याच्यामागे टेकडी. फ्लॅट घेणाऱ्या काकांचं एकच म्हणणं होतं की आम्ही पैसे या व्ह्यूसाठी मोजलेत, तो दिसला पाहिजे. त्यांनी फोटोपण स्वतःच पाठवला, ऑगस्टमधला, टेकडी हिरवीगार, ढगाळ आकाश, गॅलरीतून मोबाईलवर काढलेला. मी तो एका प्लेनवर, म्हणजे सपाट चौकोनावर, चिकटवला, खिडकीच्या बाहेर दोनेक मीटरवर उभा केला आणि रेंडर पाठवून दिलं. काकांचा फोन, "अहो मॅडम, खिडकीला पोस्टर लावलंय का?"

पोस्टरच दिसत होतं खरं म्हणजे. मग मी काय केलं तर प्लेनचं एमिशन, म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, वाढवत बसले, २, ५, १०. टेकडी उजळली पण फिकी झाली, आकाश पांढरं व्हायच्या ऐवजी राखाडीच, सगळं धुतल्यासारखं. यात माझा एक अख्खा दिवस गेला. दिवसाच्या शेवटी चिडून पेन घेतलं आणि हिशोब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता.

ढगाळ दिवशी बाहेर साधारण १०,००० लक्स उजेड असतो. हॉलमध्ये खिडकीपासून थोडं आत त्यातला २ टक्के पोचतो असं धरलं तर २०० लक्स. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा ५० पट उजेड, आणि आपण इथंच फसतो, वाटतं बाहेरचं सगळंच ५० पट उजळ दिसणार. पण आपल्याला दिसतो तो वस्तूवरून परत आलेला उजेड. पांढरी भिंत ८० टक्के परत पाठवते, गवत-झाडं धरा १० टक्के. भिंतीचे २०० चे १६०, टेकडीचे १०,००० चे १,०००. म्हणजे टेकडी आतल्या भिंतीपेक्षा फक्त सहाएक पट उजळ! आणि आकाश? तो तर स्वतःच उजेडाचा उगम, ते भिंतीच्या ६० पटीच्या आसपास जातं. थोडक्यात टेकडी जरा जास्त उजळ पण हिरवी दिसली पाहिजे, आकाश जळून पांढरं झालं तरी चालेल, उलट तेच बरोबर.

मोबाईलचा फोटो याच्या नेमका उलटा वागतो, तो आकाश दाबतो आणि टेकडी उचलतो म्हणजे दोन्ही छान दिसतात. त्या फोटोत आकाश आणि टेकडीत जेमतेम तीन-चार पटीचा फरक उरला होता. असा फोटो कितीही पटीने वाढवा, दोन्ही एकत्रच वाढणार, त्यातला गेलेला फरक परत येणार नाही.

म्हणून फोटोतलं आकाश कापूनच टाकलं. टेकडी आणि टॉवर ठेवून वरचा भाग अल्फाने पारदर्शक केला, एमिशनसोबत Transparent BSDF मिक्स केला, आता मागे दिसतं ते ब्लेंडरचंच वर्ल्ड, म्हणजे ढगाळ आकाशाचा चहुबाजूंचा एचडीआरआय फोटो. ज्या आकाशाने खोलीत उजेड येतोय तेच खिडकीतून दिसतंय, त्यामुळे त्याचं प्रमाण आपोआप बरोबर, तिथे अंदाज मारायचाच नाही. राहिली टेकडी. तिच्यासाठी बाहेर एक साधा खोका ठेवला, गडद हिरवा, डिफ्यूज, एमिशन नाही, त्याच आकाशाखाली. रेंडर रिझल्टमध्ये राइट क्लिक दाबून धरलं की पिक्सेलच्या व्हॅल्यूज खाली दिसतात, त्यातली हिरव्याची लिनिअर व्हॅल्यू खोक्यावर ०.९ आली आणि टेकडीवर एमिशन १ असताना ०.२. मग एमिशनची Strength ४.५ केली आणि खोका उडवला. इतकं सोपं होतं.

मध्ये एक गंमत झाली. काच लावल्या लावल्या टेकडी काळी! मी कुठल्यातरी जुन्या फाइलमधून Light Path चा Is Camera Ray उचलला होता, म्हणजे प्लेन फक्त कॅमेऱ्याला दिसावं, खोलीत उजेड टाकू नये. पण Glass BSDF मधून गेलेला किरण ब्लेंडरच्या हिशोबात कॅमेऱ्याचा राहतच नाही, तो ट्रान्समिशनचा होतो, मग प्लेन त्याला ओळखच देत नाही. वर त्या काचेमुळे खोलीपण अंधारी आणि दाणेदार व्हायला लागली. शेवटी खिडकीला Glass BSDF वापरायचाच नाही असं ठरवलं. Transparent BSDF, त्यात जराशी Glossy मिक्स, फॅक्टर ०.०८, बस. Light Path काढून टाकला आणि प्लेनच्या ऑब्जेक्ट सेटिंग्जमध्ये Ray Visibility मधले Diffuse आणि Shadow चे टिक काढले, म्हणजे ते उजेड टाकत नाही की आकाशाचा उजेड अडवत नाही. Glossy मात्र राहू दिलं, चकचकीत फरशीवर टेकडीचा हिरवट भास येतो तो फार गोड दिसतो.

काचेत प्रतिबिंब हवं म्हणून सुरुवातीला मी सोफा चांगला ठळक दाखवला होता, आणि चित्र संध्याकाळचं वाटत होतं, कारण कळत नव्हतं. दिवसा आतल्या १६० चे आठ टक्के म्हणजे १३, समोर टेकडी १,०००, कुठून दिसणार सोफा? दिसलाच तर समोरच्या टॉवरच्या काळोख्या डक्टवर पुसटसा.

आता खोली, म्हणजे डेप्थ. काकांना दोन अँगल हवे होते, सोफ्यावरून आणि डायनिंगपाशी. प्लेन दोन मीटरवर असल्याने अँगल बदलला की टॉवर खिडकीत भलतीकडेच सरकायचा, एका बाजूने तर फोटोची कडाच दिसली (लाज वाटली). प्लेन ५० मीटर लांब नेलं. रुंदी किती? फोटो २६ एमएमच्या लेन्सचा होता, फुलफ्रेमच्या हिशोबात सेन्सर ३६ एमएम, म्हणून ५० × ३६ ÷ २६ = साधारण ६९ मीटर. हे अंदाजाने केलं की टेकडी एकतर अंगावर येते नाहीतर खेळण्यातली वाटते. आणि गॅलरीचं रेलिंग, मनी प्लँटची कुंडी हे फोटोतून काढून खरं मॉडेल केलं, जवळचं सरकतं आणि लांबचं जवळजवळ जागेवर राहतं तेव्हाच डोळ्याला अंतर पटतं.

उंचीचा घोळ शेवटपर्यंत राहिला. काकू म्हणाल्या, "आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत असं का वाटतंय?" क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, पण इथे टेकडी आड येते, क्षितिज दिसतच नाही. मग समोरच्या टॉवरचे स्लॅब बघितले. तिरक्या बाजूवर वरचे स्लॅब लांब जाताना खाली उतरतात, खालचे वर चढतात, मध्ये एकच सरळ आडवा दिसतो, तीच फोटो काढणाऱ्याची डोळ्याची रेघ. ती माझ्या कॅमेऱ्याच्या उंचीला, फरशीपासून १.२ मीटरवर आणली आणि आपण गपकन नवव्या मजल्यावर.

पाठवायच्या आधी आमच्या आर्किटेक्ट मॅडमना दाखवलं. मी हौसेने सूर्य ठेवलेला होता, फरशीवर लांबच लांब उन्हाचा पट्टा. त्या म्हणाल्या, "खिडकी दक्षिणेला ना गं? हिरवी टेकडी ऑगस्टची आणि हे ऊन डिसेंबरचं." बरोबरच होतं, डिसेंबरात पुण्यात दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो म्हणून ऊन आत शिरतं, ऑगस्टमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, आणि मुळात फोटो ढगाळ. सूर्य काढला. पट्टा गेल्याचं वाईट वाटलं थोडं पण चित्र एकदम जागेवर बसलं.

झाडांच्या कडेला कापल्याची पांढरी रेघ अजून झूम केल्यावर दिसते, मास्क दोन पिक्सेल आत घेतला तरी पूर्ण गेली नाही. काकांना नाही दिसली. त्यांना आता रात्रीचा व्ह्यू हवाय, आणि तिथे काचेत खरंच सोफाच दिसणार आहे, हे त्यांना कसं सांगू बघतेय.