‘तंत्रज्ञ येऊन गेला’ : फ्रिजच्या तक्रारीची पोस्ट कशी लिहिली

आमचा फ्रिज ५ जूनला बंद पडला. तक्रार फोनवर दोन मिनिटांत नोंदली गेली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. संताप आला तो १२ जूनच्या संध्याकाळी आलेल्या मेसेजचा : ‘तंत्रज्ञ येऊन गेला, तक्रार बंद.’ मी सकाळपासून घरी होते, सासूबाईही घरीच. दारावरची बेल एकदाही वाजली नव्हती. हेल्पलाइनला चारदा फोन केला, चारही वेळा तेच उत्तर मिळालं, “सिस्टीममध्ये व्हिजिट झालेली दिसतेय, मॅडम.”

त्याच रात्री मी एक्सवर कंपनीच्या हँडलला लिहिलं, ‘चोर कंपनी. तंत्रज्ञ खोटारडे, लोकांचे पैसे खातात.’ शिवाय फोनवर कळलेलं तंत्रज्ञाचं नावही टाकलं. वकिली करणाऱ्या माझ्या दिरांनी ते वाचून लगेच फोन केला.
“वहिनी, त्याला पैसे खाताना तुम्ही पाहिलंत का?”
“नाही, पण आला नाही ना तो!”
“मग आला नाही एवढंच लिहा. का आला नाही ते तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्याच्या वरच्याने नोंद केली असेल.”

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे आणि ती कंपनीचीही होऊ शकते, हे त्यांनीच सांगितलं. ‘चोर’ म्हटलं की चोरी सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर येऊ शकते, ‘कोणी आलं नाही’ याला मात्र मी साक्षीदार आहे. ती पोस्ट मी काढली आणि नवी लिहायला बसले. त्यात अर्धा तास गेला.

पहिली अडचण जागेची. २८० अक्षरांची मर्यादा, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘तंत्रज्ञ’ दिसायला तीन अक्षरं, मोजणीत आठ. त्यामुळे ‘अत्यंत निष्काळजी’, ‘अक्षम्य’ हे शब्द आधी गेले. ते गेल्यावर पोस्ट कमकुवत होईल असं वाटलं होतं, पण तारखा एकमेकींशेजारी आल्यावर तीच जास्त बोचरी वाटायला लागली. शेवटी उरलं ते असं :

‘फ्रिज ५ जूनला बंद पडला, त्याच दिवशी तक्रार नोंदवली. १२ जूनला ती ‘तंत्रज्ञ येऊन गेला’ म्हणून बंद झाली. त्या दिवशी आम्ही घरीच होतो, कोणी आलं नाही. तक्रार पुन्हा उघडून भेटीची तारीख कळवा. क्रमांक डीएममध्ये देते.’

सुरुवातीला ‘नमस्कार’ आणि मग कंपनीचं हँडल टाकलं. हँडलनेच सुरुवात केली तर पोस्ट उत्तरासारखी धरली जाते आणि सहसा दोघांनाही फॉलो करणाऱ्यांच्याच टाइमलाइनवर जाते. माझी पहिली पोस्ट तशीच होती. आणि मागणी एकच ठेवा. मी आधी नवा फ्रिज, भरपाई, माफी असं सगळं मागितलं होतं. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या हातातलं काम कळलं पाहिजे. तक्रार उघडणं त्याच्या हातात असतं, नवा फ्रिज देणं नसतं.

पुरावा म्हणून वॉचमनच्या वहीचं १२ जूनचं पान टाकणार होते, पण त्यात शेजाऱ्यांकडे आलेल्यांची नावं आणि नंबर होते. ते पान पुढे डीएममध्ये, त्या ओळी झाकूनच पाठवलं. पोस्टला फक्त मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला, माझा मोबाइल नंबर गडद काळ्या पट्टीने झाकून. फोनमधल्या पेनाने पुसट खोडलं तर फोटो उजळ केल्यावर खालचे आकडे दिसू शकतात.

दहा मिनिटांत उत्तर आलं. लोगो कंपनीचाच, ‘या लिंकवर मोबाइल नंबर आणि बँकेचा तपशील भरा.’ मी हरखले होते, बोट लिंकवर गेलंही होतं. मग हँडलच्या नावात एक जादा अक्षर दिसलं आणि ते खातं त्याच महिन्यात उघडलेलं निघालं. कंपनीच्या संकेतस्थळावरून खरं हँडल उघडून ताडून पाहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. खऱ्या हँडलचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आलं. त्यांनी डीएममध्ये फक्त तक्रार क्रमांक आणि पिनकोड मागितला.

वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. मी ईमेल तयार ठेवला होता आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही, पण दोन्हींची गरज पडली नाही.

१६ जूनला तंत्रज्ञ आला, रिले बदलला, चाळीस मिनिटांत फ्रिज सुरू झाला. माझ्या पोस्टखाली मी तेवढंच लिहिलं : ‘१६ जूनला दुरुस्ती झाली.’ १२ तारखेची नोंद कोणी केली, हे मात्र कंपनीने मला अजून सांगितलेलं नाही. डीएममध्ये तो प्रश्न मी दोनदा विचारलाय.