आमची वाटचाल: केळीच्या खोडापासून गांडूळखतापर्यंत

आमचं खताचं युनिट यावल तालुक्यात आहे. चहूबाजूंनी केळीच्या बागा, मध्ये मध्ये कपाशी. घड कापला की केळीचं खोड शेतकऱ्याला नकोसं होतं. ते बांधावर नाहीतर नाल्याच्या काठावर पडतं. कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटीचंही तसंच. थोडी चुलीत जाते, बाकीची बांधाला रचून ठेवतात किंवा पेटवून देतात. रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी आसरा घेते आणि पुढच्या हंगामात शेतात परत येते, ही आणखी एक डोकेदुखी. हे दोन टाकाऊ पदार्थ हाच आज आमच्या धंद्याचा कच्चा माल आहे.

सुरुवात मात्र फक्त गांडूळखतापासून झाली. शेण विकत घ्यायचं, थोडं मुरवायचं आणि गांडुळांच्या बेडवर टाकायचं, एवढंच काम होतं. हळूहळू गावातली जनावरं कमी झाली आणि शेणाची ट्रॉली महाग होत गेली, तेव्हा नजर खोडाकडे वळली. आता आसपासच्या कॉलेजची मुलं कचरा व्यवस्थापनाच्या प्रात्यक्षिकासाठी येतात. कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर त्यांना पाठ असतं, पण समोर खोड, शेण आणि पऱ्हाटी ठेवून ढीग लावा म्हटलं की हात थांबतात. म्हणून आमचा एक ढीग इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो.

खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. नुसत्या खोडाचा ढीग लावला तर तो स्वतःच्या वजनानेच बसतो, आतली हवा निघून जाते, खालून काळं पाणी झिरपतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू आत कामाला लागल्याची ती खूण. नुसत्या पऱ्हाटीची गोष्ट उलटी आहे. ती कोरडी आणि लाकडासारखी, वर्षभर पडून राहिली तरी ओळखू येते. दोन्ही एकत्र आले की खोडाचं पाणी पऱ्हाटी शोषून घेते आणि तिच्या तुकड्यांमुळे ढिगात हवा खेळती राहते.

आता गुणोत्तर. जिवाणूंना कार्बन लागतो तो ऊर्जेसाठी आणि शरीरासाठी, नायट्रोजन लागतो तो प्रथिनांसाठी. जेवढा कार्बन ते खातात त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि एक तृतीयांश शरीरात राहतो. त्यामुळे सुरुवातीला एका भाग नायट्रोजनमागे पंचवीस ते तीस भाग कार्बन असला की काम जोरात चालतं. कार्बन फार झाला तर ढीग थंड पडून राहतो. नायट्रोजन फार झाला तर जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, आणि तो डोळ्यांना झोंबतो.

मुलं इथे हमखास अडकतात, कारण ती प्रत्येक पदार्थाचं गुणोत्तर घेऊन सरळ सरासरी काढतात. तसं चालत नाही. आधी प्रत्येक पदार्थातलं पाणी वजा करायचं, उरलेल्या कोरड्या वजनातला कार्बन आणि नायट्रोजन वेगवेगळा काढायचा, दोन्हींची वेगवेगळी बेरीज करायची आणि शेवटी भागाकार करायचा.

आमचा ढीग घ्या. एक टन ताजं खोड चिरून उन्हात पसरलं की ते सुकून सुमारे 320 किलो उरतं. त्यात तरीही पाऊण भाग पाणीच असतं, म्हणजे कोरडा माल 80 किलो. त्यातून कार्बन 29 किलो, नायट्रोजन 0.64 किलो. ताजं शेण 500 किलो घेतलं तर कोरडं फक्त 100 किलो, त्यात कार्बन 38 आणि नायट्रोजन 1.7 किलो. श्रेडरमधून काढलेली पऱ्हाटी 200 किलो, तिच्यात पाणी दहा टक्के, कोरडी 180 किलो, कार्बन 83 आणि नायट्रोजन 1.26 किलो. एकूण कार्बन 150, नायट्रोजन 3.6. भागाकार येतो जवळपास 42. म्हणजे ढीग मंद चालणार. शेण वाढवावं तर पाणी वाढतं, पऱ्हाटी कमी करावी तर ढीग बसतो. म्हणून आम्ही 100 किलो कोंबडीखत घालतो. त्यात कोरडा माल 70 किलो, कार्बन 22 आणि नायट्रोजन 2.1 किलो. आता कार्बन 172 आणि नायट्रोजन 5.7, गुणोत्तर 30. ओलावा बासष्ट टक्क्यांच्या आसपास येतो. याच चार पदार्थांच्या गुणोत्तरांची नुसती सरासरी काढली असती तर उत्तर 36 आलं असतं आणि आपण विनाकारण आणखी कोंबडीखत ओतलं असतं.

हे आकडे प्रत्येक मालाला थोडे बदलतात. शेण कोणत्या चाऱ्यावरच्या जनावराचं, खोड किती सुकलं, यावर ते ठरतं. शिवाय कागदावरचा सगळा कार्बन जिवाणूंच्या तोंडी लागत नाही. पऱ्हाटीत लिग्निन भरपूर, ते फार सावकाश कुजतं. त्यामुळे कागदावर 30 आलेला ढीग पहिल्या आठवड्यात 25 असल्यासारखा वागू शकतो आणि अमोनियाचा हलका वास देतो. पऱ्हाटीचे तुकडे बोटभर लांबीचे ठेवले तर हवाही खेळते आणि तुकडेही कुजतात. त्याहून बारीक केले तर हवा कोंडते, जाड ठेवले तर शेवटी चाळणीत काड्याच काड्या उरतात.

ढीग आम्ही सुमारे दोन मीटर रुंद आणि सव्वा ते दीड मीटर उंच लावतो. फार लहान ढीग उष्णता धरत नाही, फार उंच केला तर मध्यात हवा पोचत नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर दीड-दोन फूट आत खुपसायचा. पहिले एक-दोन दिवस साध्या तापमानात वाढणारे जिवाणू साखर आणि स्टार्च फस्त करतात, पारा 40 च्या वर चढतो. मग त्यांची जागा उष्णता सोसणारे घेतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पारा 60 ला पोचतो आणि ढिगात हात घालवत नाही. रोगजंतू, तणाचं बी आणि पऱ्हाटीतली बोंडअळी मरते ती याच टप्प्यात. उघड्यावरच्या लांब ढिगासाठी सर्वमान्य निकष असा की 55 अंश किंवा जास्त तापमान 15 दिवस टिकावं आणि त्या काळात किमान 5 वेळा ढीग पलटावा. पलटणं महत्त्वाचं, कारण कडेचा माल कधीच तापत नाही, तो मध्यात आणावा लागतो. पारा 65 च्या पुढे गेला तर कामाचे जिवाणूही मरू लागतात, तेव्हा वाट न पाहता पलटतो.

खानदेशातला मे महिना या सगळ्यात गोंधळ घालतो. दुपारी बाहेर 44-45 अंश असताना ढिगाने 45 दाखवलं तर ते जिवाणूंचं काम की उन्हाचं, हे कळणार कसं? म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे मोजतो. हवा तिसाच्या आसपास असताना ढीग 55 दाखवत असेल तर आत काम चालू आहे. दुसरा फसवा प्रकार म्हणजे उष्ण वाऱ्याने ढीग वरून आणि आतूनही कोरडा पडतो, पारा उतरतो आणि खत झालं असं वाटतं. तेव्हा मूठभर माल दाबून पाहायचा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओलावा ठीक. भुगा सुटून पडला तर पाणी मारून पलटायचा आणि दोन दिवस थांबायचं. पुन्हा तापला तर तो ढीग झालेला नव्हता, नुसता तहानलेला होता. आमच्याकडचे नाना, जे पहिल्यापासून ढिगांची देखभाल करतात, नव्या पोरांना एकच गोष्ट बजावतात, "बाळा, पारा उतरला म्हणून खूश होऊ नको, आधी पाणी पाजून बघ."

पाणी देऊन, पलटूनही ढीग तापत नाही, तेव्हाच तो गांडुळांकडे जातो. आम्ही आयसेनिया फेटिडा वापरतो. ही गांडुळं वरच्या थरात राहून कुजलेला माल खातात. त्यांना 20 ते 28 अंश मानवतं, 35 च्या वर गेलं की ती मरू लागतात. त्यामुळे गरम ढीग आणि गांडूळ एकत्र नांदत नाहीत, एकानंतर दुसरं. बेड दीड फुटाहून उंच नसतो, नाहीतर तोच आतून तापतो. वर गोणपाट, शेडला हिरवी नेट, आणि एप्रिल-मेमध्ये गोणपाटावर दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा. पाणी उडताना गारवा देतं, बेड हवेपेक्षा बराच थंड राहतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून बेडभोवती पाण्याची चर असते.

केळीच्या खोडात पालाश भरपूर. कुजताना वजन घटतं आणि क्षार एकवटतात. क्षार किंवा उरलेला अमोनिया गांडुळांची कातडी सोसत नाही. म्हणून नव्या ढिगातला माल आधी घमेल्यात घेऊन त्यावर मूठभर गांडुळं सोडतो. रात्रीत ती खाली शिरली तर माल तयार. कडेला गोळा झाली किंवा घमेल्याबाहेर निघाली तर ढीग आणखी मुरू देतो, किंवा क्षार जास्त वाटले तर जुनं शेणखत मिसळतो. अख्खा बेड घालवण्यापेक्षा ही एक रात्र स्वस्त पडते.

बेडवरून दीड-दोन महिन्यांनी खत उतरतं. तोवर सुरुवातीच्या 172 किलो कार्बनपैकी अर्ध्याहून जास्त हवेत गेलेला असतो. समजा 77 किलो उरला. नायट्रोजनचाही पाचवा हिस्सा अमोनियावाटे गेला असं धरू, उरला सुमारे 4.5 किलो. गुणोत्तर 17. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टसाठी हे गुणोत्तर 20 च्या आत लागतं आणि आम्हीही प्रयोगशाळेतून तेच तपासून घेतो. त्याहून जास्त कार्बन असलेला कच्चा माल बागेत टाकला तर मातीतले जिवाणू तो कुजवायला मातीतलाच नायट्रोजन ओढतात आणि केळीची पानं पिवळी पडतात. केळीचा हंगाम कांदेबाग असो किंवा मृगबाग, लागवडीच्या वेळी खत घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही तपासणीचा कागद आधी दाखवतो, भाव नंतर सांगतो.

प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलांसाठी एक सांगायचं राहिलं. कॉलेजात बादलीत किंवा कुंडीत केलेलं कंपोस्ट 60 अंशाला जात नाही, कारण एवढ्याशा मालातून उष्णता लगेच निसटते. ते कुजतं, पण थंडपणे, आणि त्यात तणाचं बी मरत नाही. तापमानाचे टप्पे वहीत काढायचे असतील तर निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग लावा, रोज एकाच वेळी, पहाटे, मध्यात आणि कडेला असं दोन ठिकाणी मोजा आणि शेजारी हवेचं तापमान लिहा. जागा नसेल तर आमच्याकडे या, शेडच्या मागे तुमच्यासाठी एक पट्टा मोकळा ठेवलेला असतो. पऱ्हाटी आणि शेण आम्ही देतो, वजनकाटा आणि वही तुम्ही आणा.