आमची वाटचाल : चीजची तार आणि राहिलेलं बिल

इंदूरच्या रामबागेत आमचा छोटा स्टुडिओ आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे लग्नाचे आणि मुंजीचे फोटो निघायचे, आता फक्त खाण्याचे निघतात. हे वळण कसं आलं ते सांगत बसत नाही. लग्नाची कामं कमी झाली, हॉटेलांची वाढली, एवढंच. शहरातल्या निम्म्या मेनूकार्डांवरची पावभाजी आमची आहे. पावभाजीवर कोणी भांडत नाही, म्हणून त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. भांडण झालं ते पिझ्झ्यावरून, आणि त्यात दुकान बुडता बुडता राहिलं.

पिझ्झ्याचा फोटो म्हणजे चीजची तार, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुकडा उचलला, खाली तारा लोंबल्या, मागून वाफ निघाली, कडेला काळे ठिपके, की होर्डिंग तयार. ग्राहकाला वाटतं हे कॅमेऱ्याचं काम आहे. खरं तर कॅमेरा सुरू होण्याआधीच सगळं ठरलेलं असतं.

हे मला शिकवलं अन्नपूर्णा रोडच्या आमच्या भट्टीवाल्या भैयांनी. त्यांचा मेनू आम्ही अगदी सुरुवातीला केला होता आणि पैसे त्यांनी जेमतेम दिले, पण वर म्हणाले, "भाभीजी, ग्यारह बजे के बाद भट्टी आपकी।" माझे दीर, आमचे भाऊजी, कॅमेरा घेऊन यायचे आणि मी चीज घेऊन. लाकडाच्या त्या भट्टीचा तळ 400 अंशांच्या आसपास असतो, पिझ्झा दीड-दोन मिनिटांत बाहेर. तिथेच आम्ही चीज जाळून, वितळवून, तोडून शिकलो.

तार येते ती मोझरेलाच्या घडणीमुळे. दुधाचं घट्ट दही आंबट होत होत साधारण 5.2 ते 5.4 पीएचला आलं, की ते गरम पाण्यात मळून ताणतात. ताणताना त्यातल्या केसिन प्रथिनाचे धागे एका दिशेला लागतात. थंड ब्लॉक हाताने फाडून बघा, सुतरफेणीसारखे पदर सुटतात. पिझ्झ्यावर तापल्यावर हेच धागे एकमेकांवरून सरकतात पण सुटत नाहीत, कारण कॅल्शियमने ते जागोजागी बांधलेले असतात. चीज अगदी ताजं असेल तर बांधणी फार घट्ट असते, पाणी सुटतं आणि तार चिवट निघते. फार जुनं झालं तर धागेच तुटलेले असतात आणि नुसतं सूप होतं. बनल्यापासून दोन-चार आठवड्यांचं, कमी पाण्याचं मोझरेला आमच्या कामाचं. पाण्यात बुडवून येणारे पांढरे गोळे खायला छान, फोटोत तळं करतात.

किसलेलं पाकीट घेऊ नका. किस चिकटू नये म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड असते, ते वितळताना एकजीव होत नाही. ब्लॉक आणा, घरी जाड किसा. चीज स्लाइसचं प्रोसेस्ड चीजही नको. त्यातले क्षार कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून ते गुळगुळीत वाहतं, पण धागा धरत नाही. बर्गरसाठी उत्तम, तारेसाठी शून्य.

आता ते काम. विजयनगरकडे एक नवी पिझ्झ्याची दुकानमालिका उघडत होती. नाव लिहीत नाही, इंदूरकरांना कळेल. होर्डिंगसाठी फोटो आणि दुकानातल्या पडद्यासाठी छोटा व्हिडिओ हवा होता. आमच्यासाठी तोपर्यंतचं सगळ्यात मोठं काम. आगाऊ रकमेत आम्ही लाइट भाड्याने घेतले, वाफेची सोय केली. चीज मात्र त्यांच्या किचनमधून येणार होतं, कारण त्यांना "आपलाच माल" दाखवायचा होता. हा आग्रह मला तेव्हाही पटला होता.

पहिला पिझ्झा समोर आला आणि मी हीट गन लावली. तापमान वाढत गेलं तसं चीज चकाकलं, बाजूला पिवळट तेल साठलं, पण कुठे तपकिरी डाग धरेना. भाऊजींनी तुकडा उचलला तर चार बोटांवर तार तुटली आणि तुटलेलं टोक आखडून परत गेलं. दुसरा पिझ्झाही तसाच. मग मी पाकीट उलटं करून वाचलं. घटकांमध्ये खाद्य वनस्पती तेल. म्हणजे दुधाची चरबी काढून तेल घातलेला तो बदली माल. वितळतो, स्वस्तही पडतो, पण धागा धरत नाही. मी तिथल्या तिथे आमच्या फ्रीजमधला मोझरेलाचा ब्लॉक काढला, पिझ्झ्याच्या एकाच रोटीच्या अर्ध्या भागावर हे आणि अर्ध्यावर ते घातलं आणि एकत्र तापवलं. एका बाजूने हातभर तार, दुसरीकडे तुकडे. त्यांच्या मॅनेजरने ते पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, चीज बदलायचं तर कॉस्टिंग बदलतं. तुम्ही फोटोत जमवा."

जमवणं म्हणजे काय ते धंद्यातल्यांना कळतं. पांढरा गोंद मिसळायचा, जाड दोरी ओढायची. खऱ्या तारेत बारीक भोकं पडतात, मधे पडदा येतो, खाली तेलाचा थेंब लोंबतो, प्रकाश तिच्यातून पार जातो. गोंदाची तार सगळीकडे सारखी जाड आणि अपारदर्शक असते. होर्डिंगवर शंभर फुटांवरून फरक कळतो, कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा नीट बघावं.

दुसरं भांडण कडेच्या काळेपणाचं. त्यांच्या जाहिरात एजन्सीच्या नमुना चित्रात लाकडाच्या भट्टीसारखे ठिपके होते, आणि यांचा ओव्हन साखळीवर चालणारा, अडीचशे अंशांच्या आसपास, सहा-सात मिनिटांचा. त्यात कड एकसारखी बदामी होते, ठिपके पडत नाहीत. ठिपका पडायला आधी पिठात बुडबुडा हवा. दोन दिवस फ्रीजमध्ये आंबलेल्या पिठावर पातळ पापुद्र्याचे फोड येतात, तीव्र आच लागली की फोडाचं टोक काळं होतं आणि भोवती तपकिरी वलय राहतं. गॅसची टॉर्च मारून काळं केलं तर वलयच नसतं, काळं आणि पांढरं शेजारी शेजारी. ज्योत पिवळी असेल तर काजळी धरते ती वेगळीच. मी म्हटलं, "बदामी कड दाखवूया, बाजूने प्रकाश टाकून खरपूस दिसेल." त्यांना ते नको होतं.

मग काम उचलून त्यांनी एम.जी. रोडच्या एका स्टुडिओला दिलं. आमची उरलेली रक्कम थांबवली, कारण काय तर "आउटपुट दिलं नाही". त्या स्टुडिओवाल्याने गावभर सांगितलं, की रामबागेतल्या बाईंना चीज ओढता येत नाही. होर्डिंग लागलं. त्यावरची तार इतकी जाड होती की त्यावर कपडे वाळत घालावेत! तरी पुढच्या हंगामात तीन हॉटेलं आमच्याकडून तिकडे गेली. लाइटचं भाडं अंगावर आलं, भाऊजींनी एक लेन्स विकली आणि ते पुन्हा लग्नांना जाऊ लागले. मला म्हणाले, "वहिनी, थोडे दिवस. मग बघू." ते "मग" यायला बराच वेळ लागला.

भट्टीवाले भैया मात्र तेव्हाच आले. दुकानाची नवी पाटी करायची होती आणि त्यांना खरी तार हवी होती, कारण त्यांच्या पिझ्झ्याला ती येते. ते काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण पुढे सगळं त्यावरच उभं राहिलं.

रोटी सॉस आणि थोड्या चीजसह भट्टीतून काढली. लगेच एक तुकडा कापून जागेवरच ठेवला आणि त्याखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, उचलताना तो वाकू नये म्हणून. कापाच्या रेषेवर सॉस पुसून घेतला. सॉसच्या पाण्यावर चीज घसरतं, तार रुजत नाही. मग रेषेवर आडवे, बोटभर लांब मोझरेलाचे काप दाटीने लावले आणि हीट गन लांबून फिरवली. जवळून लावली तर वरची साय करपते आणि आत थंड राहतं. सुईचा थर्मामीटर 65 ते 70 दाखवू लागला की थांबायचं. ऐंशीच्या वर तेल सुटून पातळ धार लागते, पंचावन्नच्या खाली तार ताठ होऊन तुटते. या दोन्हींच्या मधे मिनिटभरसुद्धा मिळत नाही. उचलताना आधी अर्धा इंच वर, एक श्वास थांबा, मग तिरकं आणि सावकाश. झटका दिला की संपलं.

प्रकाश मागून, थोडा वरून. तारेच्या कडा त्यानेच उजळतात. समोर फक्त पांढरा पुठ्ठा. समोरून लाइट मारला तर तार पिठाच्या लोळीसारखी मंद दिसते आणि कडेचे फोड चपटे होतात.

वाफेने मात्र रडवलं. वाफ दिसायला हवा गार लागते, म्हणजे एसी चालू. तार टिकायला खोली उबदार लागते, म्हणजे एसी बंद. एप्रिलच्या इंदुरी कोरड्या उन्हाळ्यात गरम पिझ्झ्यावर वाफ दिसतच नाही, बाष्पाचे थेंब बनायच्या आत सुकून जातात. शेवटी तार एसी बंद करून घेतली. नंतर खोली गार करून, मागे काळं कापड लावून, त्याच भट्टीतल्या दुसऱ्या पिझ्झ्याची वाफ त्याच कोनातून घेतली आणि दोन्ही फोटो जोडले. वाफ खरी, पिझ्झा त्यांचाच. कपड्याच्या स्टीमरची वाफ सरळ फवाऱ्यासारखी येते, पिझ्झ्याची पसरून उठते, म्हणून स्टीमर वापरला नाही.

ती पाटी बघून, सोडून गेलेली हॉटेलं परत आली, भाऊजीही. 2022 च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भ्रामक जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढल्यापासून तर काही मोठी गिऱ्हाइकं स्वतःहून विचारतात, फोटोतलं चीज आमचंच आहे ना. विजयनगरचं ते उरलेलं बिल अजून फाइलमध्ये आहे, दर दिवाळीला मी शुभेच्छांसोबत त्याची प्रत पाठवते.

आणि नव्याने या कामात येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी: चीजचा ब्लॉक स्वतः न्या, त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावा, आणि गिऱ्हाइकाने आपला माल दाखवायचा आग्रह धरला तर आदल्या दिवशी पाकीट मागवून मागची बाजू वाचा. वनस्पती तेल दिसलं तर तारेऐवजी वरून पूर्ण पिझ्झ्याचा फोटो सुचवा. तोही विकला जातो, आणि त्यात सेव घातलेली असेल तर इंदूरमध्ये जरा जास्तच.