वायफाय नोंदवही: मायक्रोवेव्हचा गुन्हा शाबित

गेल्या वेळी लिहिलं होतं की रात्री जेवणाच्या सुमारास बेडरूममधला २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय लंगडतो. बोरिवलीतली आमची इमारत, स्कॅनरमध्ये शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं, त्यामुळे गर्दीवरच संशय होता. पण मायक्रोवेव्ह ओव्हन याच बँडमध्ये गोंगाट करत असला तरी तो वायफाय बोलत नाही, म्हणून स्कॅनरच्या यादीत तो दिसणारच नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शनिवारी ओव्हनमध्ये पाण्याचा कप ठेवला (रिकामा कधीच चालवू नका), लॅपटॉप २.४ वर घेतला आणि इंटरनेटला नाही, थेट राउटरला पिंग लावला, म्हणजे दर ०.२ सेकंदाला एक छोटी विचारणा पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहिलं:

```
ping -i 0.2 192.168.1.1
```

ओव्हन बंद असताना उत्तरं २ ते ४ मिलिसेकंदांत येत होती. पूर्ण ताकदीवर चालू केला तर icmp_seq चे, म्हणजे पिंगच्या अनुक्रमांकांचे, मधले आकडे गळू लागले. पण एवढ्याने मला पटेना. प्लेट फिरते, पंखा चालतो, दोष त्यांच्या मोटरचाही असेल.

मग ताकद निम्मी केली. आमचा ओव्हन जुना, ट्रान्सफॉर्मरवाला. निम्म्या ताकदीत तो मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, काही सेकंद पूर्ण चालवतो आणि काही सेकंद पूर्ण बंद ठेवतो, प्लेट आणि पंखा मात्र चालूच. घरघर सुरू झाली की साधारण दोन सेकंदांनी (फिलामेंट तापायला तेवढा वेळ लागतो) पिंग घसरायचा. बारा सेकंदांच्या साठ पिंगपैकी वीसेक गायब, उरलेले शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर. घरघर थांबली की लगेच २ ते ४. चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा तसंच. ५ गिगाहर्ट्झवर तोच प्रयोग केला तर एकही पिंग गळला नाही. इन्व्हर्टरवाल्या ओव्हनला ही युक्ती बहुधा लागू पडणार नाही, कारण तो ताकद कमी करताना मॅग्नेट्रॉन असा बंद-चालू करत नाही.

सगळेच पिंग का गळत नाहीत? अशा ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या अर्ध्या आवर्तनातच पेटतो. म्हणजे आपल्या ५० हर्ट्झवर दहा मिलिसेकंद गोंगाट, दहा शांतता. त्या फटींतून काही पॅकेट निसटतात.

बाकीचे संशयित पटकन सुटले. कॉर्डलेस फोनच्या बेसखाली १.९ गिगाहर्ट्झ छापलंय, म्हणजे तो या बँडमध्येच नाही. ब्लूटूथ इअरफोन लावल्यावर पिंग थोडा हलला, गळला एकही नाही. ब्लूटूथ सतत चॅनल बदलतो आणि गजबजलेले टाळतो.

राउटर ११ वरून चॅनल १ वर आणला. साठात वीसऐवजी तीनच गळले. आमचा ओव्हन बँडच्या वरच्या अंगाला जास्त ओरडतो, हे त्यावरून कळलं.

तरी साडेआठला, आमचा ओव्हन थंड असताना, दीड मिनिट सलग गळती दिसतेच. बेडरूमची भिंत शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराला लागून आहे. "काकू, ओव्हन निम्म्या ताकदीवर लावाल का दोन मिनिटं?" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "लावते की, पण दूध तूच बघायचं."