साखरपुडा झाला!

फोटोतली अंगठी माझीच आहे. दुपारपासून पोस्ट लिहितेय आणि लाजून पुसतेय, म्हणून आता सरळ सांगते: आज सांगलीत घरच्या घरी आमचा साखरपुडा झाला.

गणपतीपूजन झालं, मग सासूबाईंनी हळदीकुंकू लावून साडी-खणानारळाने माझी ओटी भरली. त्यांची साडी नेसून मी पुन्हा पाटावर येऊन बसले, तेव्हा त्यांनी साखरेचा पुडा हातात दिला. चांदीच्या वर्खाचा तो उंच, निमुळता पुडा त्यांनी स्वतः घरी बसून सजवला होता. हे कळलं आणि माझे डोळे भरून आले. मला आजच्या दिवसातलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

अंगठीच्या वेळी मात्र मान वर करायचं धाडस होईना. त्याने अनामिकेत अंगठी हळूच सरकवली आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "घट्ट नाही ना होत?" मी मान हलवली. बाबा शेजारीच उभे होते, त्यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. आजी तर सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर परत पहिल्यापासून वाटत होती.

मामा, आत्या, काकू, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी, घरातल्या घरात केल्यामुळे सगळ्यांना बोलावता आलं नाही, पण तुमची फार आठवण झाली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तारीख ठरली की आई-बाबा फोन करतीलच. तेव्हा मात्र सगळ्यांनी यायचंय, आणि हळदीच्या आदल्या दिवशीच यायचंय. 🙏