पानाचा हिरवा आणि रेघेचा लाल

बियाण्यांच्या दुकानाचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता: सहाशे पिक्सेल रुंद, अनेकदा फॉरवर्ड झालेला जेपीजी. पिशव्यांवर छापायला त्यातलं हिरवं पान आणि त्याखालची बारीक लाल रेघ नव्याने काढायची होती, रंग मात्र हुबेहूब हवे होते.

पानावर पाच ठिकाणी रंग मोजणारा आयड्रॉपर टेकवला, पाच वेगवेगळे हिरवे मिळाले. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकातला बारीक तपशील ढोबळ करतो. त्यामुळे कडेच्या चौकोनांत पांढरं-हिरवं एकमेकांत लाटांसारखं शिरतं. म्हणून मी कडेपासून वीसेक पिक्सेल आत सरकलो, तिथे ४० बाय ४० ची निवड केली आणि गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये हिस्टोग्राम, म्हणजे निवडीतल्या रंगमूल्यांचा आलेख, उघडला. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलच्या ० ते २५५ आकड्यांत असतो. लाल चॅनेलची सरासरी २ आली, मध्यक मात्र ०. मी मध्यक धरला. मूळ लाल शून्य असेल, तर गोंधळ शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, फक्त वर चढतो आणि सरासरीला वर ओढतो. हिरवा ठरला `#00883D`.

रेघेवर मात्र फसलो. ती जेमतेम तीन पिक्सेल जाड. मधोमध मोजली तर 165, 47, 52, म्हणजे विटकरी. दोन-तीन जागी तसंच आल्यावर मी तो रंग भरूनही टाकला. मग आठशे टक्के झूम केलं, तर रेघेच्या दोन्ही बाजूंचा पांढरा गुलाबी झालेला दिसला. तिथे लक्षात आलं. अशा जेपीजीत उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा असतो, पण रंगछटा चार पिक्सेलना मिळून एकच. रेघेची लाली शेजारच्या पांढऱ्यात गेली होती आणि रेघ फिकी पडली होती. इथे मध्यकही कामाचा नाही, कारण खरा लाल दाखवणारा एकही पिक्सेल शिल्लक नसतो. कितीही वेळा मोजलं तरी तीच चूक पुन्हा तशीच येते, आणि म्हणूनच ती खरी वाटते.

दुकानाच्या काकांना फोन केला. "काका, लोगो दुसरा कुठे आहे का? जुनं काहीही चालेल."

"बिलाची पीडीएफ आहे बघा. त्यातला चालतो का?"

पीडीएफ कितीही मोठी केली तरी पानाची कड धारदारच राहिली, म्हणजे लोगो व्हेक्टर होता, पिक्सेलऐवजी आकार आणि त्यांत भरलेले नेमके रंग साठवलेला. इंकस्केपमध्ये उघडून भरलेले रंग पाहिले. रेघ `#C82026`: 200, 32, 38, चांगला ठसठशीत लाल. पान `#00873E`. माझ्या हिरव्यात दोन चॅनेलमध्ये एकेकाचाच फरक होता.

विटकरी रेघ पुसून लाल भरली आणि फाइल छापखान्याला पाठवली.